सामाईक विहिरीची पाळी : आकृतीच्या फोटोवरून आणि पंपाच्या प्रवाहावरून काढलेला भरण्याचा वेळ, टिपण तपासून हवे

विहीरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. सिन्नर तालुक्यातील आमच्या पाच जणांच्या शेतकरी गटात एक सामाईक विहीर आणि तिच्यावर पाच अश्वशक्तीची मोटर आहे. आजवर प्रत्येकाला एक दिवसाची पाळी होती. मात्र कोणाचे पंधरा गुंठे आहेत तर कोणाचे तीस, त्यामुळे यंदाच्या गव्हापासून पाळी क्षेत्राच्या प्रमाणात द्यावी असे ठरले आणि गटाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे वेळ काढून देण्याचे कामही माझ्याकडे आले. पहिल्या शेताचा हिशेब मी टिपण म्हणून गटात पाठवणार आहे, तत्पूर्वी तो येथील जाणकारांनी पाहावा अशी विनंती आहे.

शेतमालकांनी वहीच्या पानावर शेताची आकृती काढून तिचा फोटो पाठवला आहे. शेत चौकोनी आहे, पण एकही कोपरा गुण्यात नाही. कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावे देऊन फोटोतील मापे मी अशी वाचली : अब २४० फूट, बक १३० फूट, कड २०० फूट, डअ ११० फूट आणि अ ते क हे तिरपे माप २३० फूट. फोटो तिरका काढलेला असल्यामुळे त्यावर पट्टी ठेवून काहीही मोजलेले नाही. केवळ लिहिलेले आकडे घेतले आहेत.

तिरप्या मापामुळे शेताचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे घ्यायचे, त्यातून एकेक बाजू वजा करायची, त्या तीन वजाबाक्या आणि ते निम्मे असे चार आकडे एकमेकांना गुणायचे आणि आलेल्या गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे, म्हणजे क्षेत्रफळ मिळते. अबक या त्रिकोणात निम्मी बेरीज ३००, वजाबाक्या ६०, १७० आणि ७०, म्हणून क्षेत्र १४,६३६ चौरस फूट. अकड या त्रिकोणाचे १०,९९८ चौरस फूट. एकूण २५,६३४ चौरस फूट म्हणजे साडेतेवीस गुंठे, किंवा २,३८२ चौरस मीटर.

प्रवाह मोजण्यासाठी पाइपाचे तोंड शेताच्या कडेला जेथे सुटते तेथेच २०० लिटरचा ड्रम ठेवला. ड्रमवर २०० लिटर लिहिलेले असले तरी काठोकाठ त्याहून अधिक पाणी बसते, म्हणून आधी २० लिटरच्या मापाने दहा वेळा पाणी ओतून आतून खडूची रेघ मारून घेतली. मोटर सुरू करून दहा मिनिटे जाऊ दिली आणि मग तीन वेळा रेघेपर्यंत भरायला ३४, ३६ आणि ३५ सेकंद लागले. सरासरी ३५ सेकंद धरले तर सेकंदाला ५.७ लिटर, मिनिटाला ३४३ लिटर, तासाला सुमारे २०,५७० लिटर असा प्रवाह येतो.

गव्हाला एका वेळेस ६० मिलिमीटर पाणी द्यायचे असे गटाने धरले आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून या शेताला २,३८२ गुणिले ६० म्हणजे सुमारे १,४२,९०० लिटर पाणी लागेल. त्याला २०,५७० ने भागल्यावर ६ तास ५७ मिनिटे येतात. आमच्या फीडरला थ्री फेज वीज आठ तास असते, म्हणजे एका दिवसात शेत भिजायला हवे. मालकांचे म्हणणे मात्र असे आहे की सात तास त्यांना पुरणार नाहीत. चूक कोठे आहे?

---

बांधावरचा बापू

विहीरकाठ, आपण सोपे काम अवघड केले आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणतात. २४० आणि २०० यांची सरासरी २२०, १३० आणि ११० यांची १२०, गुणाकार २६,४०० चौरस फूट, म्हणजे सव्वाचोवीस गुंठ्यांना थोडे कमी. आपल्या वर्गमुळांनी पाऊण गुंठ्याचाच काय तो फरक पडला.

दुसरे असे की ड्रम भरत बसण्याचीही गरज नाही. मोटरीच्या पाटीवर प्रवाह लिहिलेला असतो. माझ्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीवर सेकंदाला आठ लिटर आहे. तो धरला तर आपले शेत पाच तासांत भिजेल, आणि मालकांची तक्रार ही केवळ जास्त पाळी मिळवण्यासाठी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

---

साखळीवाला

मी भूमी अभिलेखातील मोजणीच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून क्षेत्रापुरते बोलतो.

बापू, सरासरीची रीत शेत जवळजवळ काटकोनी असेल तोवर चालते, आणि ती चुकते तेव्हा नेहमी एकाच बाजूला, म्हणजे जास्तीकडे चुकते. कारण साधे आहे. बाजेची चौकट दोर काढून मोकळी केली की चारही लाकडे तितकीच लांब राहतात, पण चौकट एका अंगाला कलते आणि आतली जागा कमी कमी होत जाते. म्हणजे चार बाजूंवरून क्षेत्र ठरतच नाही. ते ठरवते पाचवे माप, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरपे माप. विहीरकाठ यांनी ते घेतले हे योग्यच केले. गंमत अशी की सरासरीला पाचवे माप लागत नाही, म्हणून आपण चुकलो हे तिच्यात कधी कळतही नाही.

मात्र विहीरकाठ, पाच मापे हीही जेमतेम पुरेशी असतात. पाचांतील एक आकडा चुकीचा वाचला गेला तरी आकृती बिनतक्रार जुळते आणि उत्तर निमूटपणे चुकते. फोटोवरून वाचलेल्या मापांत हा धोका सर्वांत मोठा आहे. म्हणून सहावे माप, म्हणजे ब ते ड, शेतात जाऊन घ्यावे. ते हिशेबासाठी नव्हे, साक्षीसाठी असते.

साक्ष तपासायला गणिताची गरज नाही. आलेखाच्या कागदावर २० फुटांना एक सेंटिमीटर असे प्रमाण धरा. अक ही ११.५ सेंटिमीटरची रेघ ओढा. कंपासने अ पासून १२ आणि क पासून ६.५ असे कंस काढा, ते जेथे छेदतात तो ब. रेघेच्या दुसऱ्या अंगाला अ पासून ५.५ आणि क पासून १० असे कंस काढा, तो ड. आता बड पट्टीने मोजा. मी आताच काढून पाहिले, ते १३.४ सेंटिमीटर येते, म्हणजे शेतात २६८ फूट यायला हवे. चार-पाच फुटांचा फरक टेपच्या झोळाचा समजा. त्याहून जास्त आला तर कोणते तरी माप खोटे आहे.

---

ठिबकप्रेमी

चांगला विषय काढलात. माझा एक एकर टोमॅटो आहे, नळ्या दीड मीटरवर आणि तोट्या ४० सेंटिमीटरवर, प्रत्येक तोटी ताशी चार लिटरची. मला या हिशेबाने किती तास मोटर चालवावी लागेल? माझ्याही पंपाचा प्रवाह साधारण आपल्याइतकाच आहे.

---

साखळीवाला

ठिबकप्रेमी, आपला प्रश्न वेगळा आहे. मोकळ्या पाण्यात पंप जेवढे देतो तेवढे शेतात जाते, म्हणून वेळ पंपावरून निघतो. ठिबकमध्ये वेळ तोटी ठरवते. आपल्या अंतरांनी एका तोटीच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर येते, म्हणजे ताशी साधारण ६.७ मिलिमीटर. आधी एवढे पाहा की एकरात ६,७०० हून अधिक तोट्या बसतात आणि त्यांना ताशी सुमारे २७,००० लिटर लागतात. साडेवीस हजारांच्या पंपावर पूर्ण एकर एकदम सोडला तर शेवटच्या तोट्या उपाशी राहतील. दोन व्हॉल्व्ह करून अर्धा-अर्धा एकर चालवावा. पुढचे नव्या धाग्यात विचारावे, येथे विषय भरकटेल.

---

विहीरकाठ

साखळीवाला काका, आज सकाळी शेतमालकांना सोबत घेऊन ब ते ड मोजले. गहू अजून घोट्याइतकाच असल्यामुळे त्यातून दोरी ओढता आली. १०० फुटी टेप तीनदा लावावी लागली, म्हणून ओळ वाकू नये यासाठी मध्ये दोन काठ्या रोवून घेतल्या. माप २९२ फूट आले. आपण २६८ सांगितले होते. चोवीस फुटांचा फरक टेपच्या झोळाने पडत नाही हे माझ्याही लक्षात आले.

मग मूळ वहीचे पान मागवून पाहिले. डअ या बाजूवर मालकांनी इंग्रजी आकड्यांत १७० लिहिले आहे. त्यांच्या हातचा सात वरच्या लहानशा फटकाऱ्याचा असतो आणि फोटोत त्या फटकाऱ्यावर पानाच्या घडीची सावली पडली होती, म्हणून मी तो एक वाचला. खात्रीसाठी ती बाजू पुन्हा मोजली. ती १७० फूटच भरली. आता कंपासने अ पासून ८.५ सेंटिमीटरचा कंस घेतला तर बड १४.७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २९३ फूट येते. साक्ष जुळली.

त्यामुळे अकड या त्रिकोणाचे क्षेत्र १६,५२३ चौरस फूट झाले आणि शेत एकूण ३१,१५९ चौरस फूट, म्हणजे २८.६ गुंठे किंवा २,८९५ चौरस मीटर. पाणी सुमारे १,७३,७०० लिटर आणि वेळ ८ तास २७ मिनिटे. एका आकड्याच्या वाचनाने मी मालकांचा दीड तास कापत होतो. बापू, आपण त्यांच्या हेतूवर शंका घेतली होती, ती मागे घ्यावी असे वाटते. आपल्या सरासरीने आता सव्वातीस गुंठ्यांहून थोडे जास्त, म्हणजे पावणेदोन गुंठे अधिक येतात, हेही नोंदवतो.

---

बांधावरचा बापू

शंका मागे घेतो. पण पाटीवरच्या प्रवाहाचे उत्तर कोणी दिलेले नाही. पाटी खोटी असते काय?

---

रिवाइंडिंगवाला

बापू, पाटी खोटी नसते, अपुरी वाचली जाते. प्रवाहाच्या शेजारीच पाणी किती उंच चढवायचे तो आकडाही असतो, आणि बहुधा दोन्हींची मर्यादा दिलेली असते : उंची कमी तर पाणी जास्त, उंची जास्त तर पाणी कमी. उंची म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची चढण, शिवाय पाइपातील घर्षण. आपली विहीर, आपला पाइप, त्यावरचे एल्बो पाटी लिहिणाऱ्याला ठाऊक नसतात. म्हणून ड्रमच खरा.

मात्र विहीरकाठ, आपल्या ड्रममध्येही एक उणीव आहे. आपण मोटर सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी मोजले. तेव्हा विहीर भरलेली होती. आठ तास उपसल्यावर पातळी खाली जाते आणि प्रवाह उतरतो. तीन-साडेतीन तासांनी आणखी एकदा मोजून पाहावे.

मोजताना पाण्याची धारही पाहावी. पातळी उतरल्यामुळे प्रवाह कमी होत असेल तर धार अखंड राहून हळूहळू बारीक होते. धार खोकल्यासारखी उसळत असेल आणि पाण्यातून बुडबुडे येत असतील तर सक्शनमधून हवा ओढली जात आहे. मग ग्लँड आणि फुटव्हॉल्व्ह पाहावा. तो प्रवाह पाळीच्या हिशेबात धरू नये, आधी दुरुस्ती करावी.

---

सारेकरीण

मी शेतमालकांची सून. गव्हाचे बारे मीच धरते, म्हणून जे रोज पाहते ते सांगते.

आमचे सारे दहा फूट रुंद आणि शंभर फूट लांब आहेत. विहीरकाठ भाऊजींच्या हिशेबाने एका साऱ्याला किती वेळ येतो ते मी काढून पाहिले : १,००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, त्याला ६० मिलिमीटरने सुमारे ५,५७० लिटर, म्हणजे सव्वासोळा मिनिटे. प्रत्यक्षात मात्र पाणी अकराव्या मिनिटाला साऱ्याच्या शेवटाला पोचते, आणि त्यानंतर बारे फोडले नाही तर खालच्या बांधावरून पाणी ओसंडते. मी तर पाणी पाऊण साऱ्यात गेले की पुढच्या साऱ्याचे तोंड उघडते. मागचे साचलेले पाणी आपोआप शेवटापर्यंत सरकते.

दुसऱ्या टोकाचेही सांगते. शेताच्या ड कोपऱ्याकडे सात-आठ गुंठे मुरमाड आहे. तेथे सोळा मिनिटांतही पाणी शेवटाला जात नाही, वरच्या अर्ध्यातच जिरते. सासऱ्यांना सात तास पुरत नाहीत ते त्या तुकड्यामुळे, आकड्यामुळे नव्हे असे मला वाटते.

---

विहीरकाठ

ताई, हे फार उपयोगी आहे. अकरा मिनिटांत ३,७७३ लिटर पडतात, म्हणजे ९३ चौरस मीटरवर साधारण ४० मिलिमीटर. पाऊण साऱ्यावर तोडले तर त्याहूनही कमी. म्हणजे काळ्या जमिनीच्या भागात आपण ६० मिलिमीटर देतच नाही आणि मुरमाड भागात ६० हून अधिक ओततो, तेही वरच्या अर्ध्यातच. माझा ६० हा आकडा कागदावरच राहिला.

रिवाइंडिंगवाला यांच्या सूचनेप्रमाणे काल साडेतीन तासांनी ड्रम पुन्हा लावला. ४२ सेकंद लागले, धार अखंड होती. म्हणजे ५.७ चा प्रवाह ४.८ लिटरवर आला. दोन्हींची सरासरी ५.२ धरली तर तेच १,७३,७०० लिटर द्यायला सव्वानऊ तास लागतात, आणि ते आठ तासांच्या विजेत बसत नाहीत.

---

कृषी पदवीधर

येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत. ६० मिलिमीटर हे शेताच्या तोंडाशी सोडायचे पाणी आहे की मुळांच्या पट्ट्यात साठायला हवे असलेले पाणी? मोकळ्या पाण्यात सोडलेले सगळे मुळांना मिळत नाही. साऱ्याची कार्यक्षमता पासष्ट टक्के धरली, तर मुळांना ६० पोचवायला ८ तास २७ मिनिटांचे तेरा तास होतात.

---

बांधावरचा बापू

पदवीधर साहेब, तेरा तास पाणी दिले तर ताईंच्या बांधावरून ते शेजाऱ्याच्या शेतात जाईल. ज्या साऱ्यात चाळीस मिलिमीटरला पाणी शेवटाला पोचते, तेथे नव्वद मिलिमीटर ठेवायचे कोठे? हे ६० आले तरी कोठून?

---

कृषी पदवीधर

बापू, आपला आक्षेप योग्य आहे. ६० हा मध्यम जमिनीसाठी सोयीने धरलेला आकडा आहे. साऱ्यात किती पाणी मावते ते साऱ्याची लांबी, उतार आणि प्रवाह मिळून ठरवतात, गटाचा ठराव नव्हे. मुरमाडीत सारे शंभरऐवजी पन्नास फुटांचे केले तर तेवढ्याच प्रवाहात पाणी शेवटाला लवकर पोचेल आणि वरच्या भागात वाया जाणारे वाचेल. काळ्या भागात मात्र ४० मिलिमीटर पुरते की नाही हे मी येथून सांगू शकणार नाही. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी साऱ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात लोखंडी सळई दाबून पाहावी. ओलीत ती सहज जाते आणि कोरड्याला लागली की अडते. खालच्या भागात ती वीतभरातच अडली, तर पाणी पोचले आहे पण मुरलेले नाही असे समजावे.

---

सारेकरीण

सळई मी दाबून पाहीन. पण मुरमाडीतले सारे आता पेरणीनंतर मोडता येणार नाहीत. मध्ये आडवा बांध घालून दांडाचे एक तोंड वाढवता येईल, तेवढे या पाळीआधी करते.

---

विहीरकाठ

गटाला पाठवायचे टिपण आता असे बदलतो. क्षेत्र २८.६ गुंठे हे सहा मापांनी पक्के झाले आहे आणि त्यात बदल होणार नाही. प्रवाह प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि साडेतीन तासांनी मोजायचा, कारण माघात विहिरीची पातळी आजच्यासारखी राहणार नाही. गटातील इतरांना आपल्या शेताचा वेळ काढता यावा म्हणून एका गुंठ्याला एक मिलिमीटरसाठी १०१ लिटर हे प्रमाण देतो. ४० मिलिमीटरला गुंठ्यामागे ४,०५० लिटर, ६० ला ६,०७०. सरासरी प्रवाहावर हे अनुक्रमे सुमारे १३ आणि साडेएकोणीस मिनिटे होतात.

या पाळीला काळ्या भागाचे २१ गुंठे ४० ने आणि मुरमाड साडेसात गुंठे ६० ने धरले, तर साडेचार तास आणि अडीच तास मिळून सात तास होतात. म्हणजे माझ्या चुकीच्या आकड्याने जे उत्तर आले होते, जवळपास तेथेच आपण दुसऱ्या वाटेने आलो आहोत, आणि मालकांना सात तास पुरत नाहीत ही तक्रार अजून तशीच आहे.

---

साखळीवाला

मुरमाड तुकडा साडेसात गुंठे आहे हे मोजले की अंदाजाने धरले?

---

विहीरकाठ

अंदाजाने, काका. उद्या त्याचीही सहा मापे घेतो.